मुलांना जलचक्र कसं शिकवावं : खाडीच्या खारट पाण्यापासून नळाच्या गोड्या पाण्यापर्यंत

तिसरी-चौथीच्या मुलाला जलचक्राचं चित्र काढायला सांगा. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरणारे बाण असं छान चित्र तो काढून देईल. मग त्याला विचारा, “समुद्राचं पाणी खारट असतं ना? मग पाऊस खारट का नसतो?” बहुतेक मुलं इथे गप्प होतात. बाण पाठ झालेले असतात, पण समुद्र आणि ढग यांच्यामध्ये काय घडलं ते डोळ्यांनी दिसलेलं नसतं. दिसणार तरी कसं? तिथलं पाणी अदृश्यच असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की चित्र सगळ्यात शेवटी काढावं. आधी मुलाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटवावी. पाणी दिसेनासं झालं तरी ते हवेत असतं, ही पहिली गोष्ट. हवेत जाताना ते मीठ बरोबर नेत नाही, ही दुसरी. या दोन गोष्टी पटल्या की ढग, पाऊस, नदी, धरण हे सगळं मुलं स्वतःच जोडत जातात. नवी मुंबई-ठाण्याच्या मुलांना एक सोय आहे. खाडी दाराशी आहे आणि डोंगर खिडकीतून दिसतात. त्यामुळे पुस्तकातला अनोळखी समुद्र कशाला घ्यायचा? वाशीच्या पुलाखालची खाडीच घ्यावी.

पहिला दिवस : पाणी गेलं कुठे?

हॉटेलच्या पार्सलबरोबर काळ्या प्लास्टिकचे डबे येतात, त्यांची दोन झाकणं धुऊन ठेवा. एका झाकणात दोन चमचे साधं पाणी घाला. दुसऱ्यात दोन चमचे मिठाचं पाणी घाला. मिठाचं पाणी करताना २०० मिलिलिटरच्या पेल्यात चहाचा एक भरलेला चमचा मीठ विरघळवा. ते साधारण समुद्राच्या पाण्याइतकं खारट होतं. दोन्ही झाकणं उन्हाच्या खिडकीत ठेवा. काळा रंग मुद्दाम घ्यायचा, कारण तो ऊन जास्त शोषतो आणि नंतर त्यावर पांढरं मीठ उठून दिसतं.

ऑक्टोबर ते मे या काळात चांगलं ऊन असेल तर मधल्या सुट्टीनंतर बघायला मिळतं. साधं झाकण कोरडं झालेलं असतं. खारट झाकणात कडेला पांढरी रेघ उमटते आणि मध्ये बारीक चौकोनी कण चमकतात. घरात भिंग असेल तर मुलांच्या हातात द्या. ते कण बघण्यात ती पाच-दहा मिनिटं रमतात, त्यांना घाई करू नका.

आता विचारा, “पाणी कुठे गेलं?” उत्तरं ठरलेली असतात. “सुकलं.” “झाकणाने पिऊन टाकलं.” “सूर्याने ओढून घेतलं.” पहिलं उत्तर चूक नाही, पण त्यात पाणी कुठे गेलं ते येत नाही. दुसऱ्यासाठी झाकण उलटं करून मुलाला मागची बाजू चाचपू द्या. प्लास्टिक पाणी पीत नाही हे त्याच्या हाताला कळतं. तिसरं उत्तर मोठी माणसंच मुलांना देतात. सूर्य पाणी ओढत नाही, तापवतो. तापल्यावर पाण्याचे अगदी बारीक कण सुटून हवेत मिसळतात. हवेत गेलेल्या त्या न दिसणाऱ्या पाण्याला बाष्प म्हणायचं. मुलांशी बोलताना मी इथे ‘वाफ’ म्हणत नाही, कारण वाफ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कुकरची पांढरी वाफ येते. ती पांढरी दिसते म्हणजेच तिचे बारीक थेंब झालेले असतात.

“दिसत नाही तर आहे कशावरून?” असं एखादी चुणचुणीत पोरगी विचारतेच. शेजारच्या घरात सुकट भाजली की आपल्याला बसल्या जागी कळतं. वास हवेतून येतो, पण येताना दिसतो का? बाष्पाचंही तसंच, एवढं सांगून लगेच पुढच्या प्रयोगाकडे वळावं. उपमेने मूल हो म्हणतं, पण त्याची खात्री पटते ती प्रयोगाने.

दुसरा दिवस : गार पेल्यावरचे थेंब

स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. एकात माठातलं नव्हे, नळाचं साधं पाणी. दुसऱ्यात बर्फ आणि पाणी, आणि त्यात लाल सरबताचा चमचाभर अर्क मिसळा. दोन्ही पेले बाहेरून कोरडे पुसा आणि वर ताटली झाका. पाच-सात मिनिटांत बर्फाच्या पेल्याबाहेर आधी धुरकटपणा येतो, मग टाचणीच्या डोक्याएवढे थेंब जमतात आणि एकमेकांत मिसळून ओघळायला लागतात. साधा पेला कोरडाच राहतो.

“बाई, आतलं पाणी झिरपलं!” हे उत्तर येणारच आणि लाल रंग त्यासाठीच घातलेला असतो. पांढऱ्या कापसाने बाहेरचे थेंब टिपून मुलांना दाखवा. कापूस ओला होतो, लाल होत नाही. मग हे पाणी आलं कुठून? वर ताटली आहे, त्यामुळे उडून आलं म्हणता येत नाही. आतलं म्हणावं तर लाल नाही. उरते ती फक्त हवा. इथे थांबा आणि उत्तर मुलांच्या तोंडून येऊ द्या. “काल खिडकीतून जे पाणी गेलं, तसलंच पाणी हवेत होतं,” हे वाक्य एखाद्या मुलाने आपल्या शब्दांत म्हटलं की निम्मं काम झालं.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर बर्फाचा पेला सुरुवातीला आणि थेंब भरपूर जमल्यावर तोला. त्याचं वजन ग्रॅम-दोन ग्रॅमने वाढलेलं दिसतं. झिरपलं असतं तर वजन वाढलं नसतं. मोठ्या मुलांना हा पुरावा फार आवडतो.

आपल्याकडे हा प्रयोग पावसाळ्यात आणि मे महिन्यात हमखास जमतो, कारण हवा दमट असते. जानेवारीच्या कोरड्या सकाळी किंवा एसीच्या वर्गात थेंब उशिरा आणि कमी येतात. तेव्हा बर्फ जास्त घाला आणि पेला व्हरांड्यात नेऊन ठेवा. झाकणाच्या प्रयोगाचं बरोबर उलटं आहे. जुलैत ते पाणी दिवसभर तसंच राहतं, कारण हवेत आधीच खूप बाष्प असतं आणि ऊनही नसतं. दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात नीट व्हायला हवे असतील तर ऑक्टोबर महिना सोयीचा पडतो.

तिसरा दिवस : खारट पाण्यातून गोडं पाणी

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आहे, म्हणून त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. पसरट पातेलं किंवा खोल परात घ्या. मधोमध एक स्वच्छ स्टीलची वाटी ठेवा. वाटीची उंची परातीच्या काठापेक्षा कमी हवी. वाटीच्या भोवती खारट पाणी ओता, अर्ध्या वाटीच्या उंचीपर्यंत. ओतताना वाटीत एक थेंबही उडता कामा नये, नाहीतर सगळा निकाल बिघडतो. पाणी कोमट घेतलं तर काम लवकर होतं. वाटी तरंगायला लागली तर पाणी कमी करा किंवा जड वाटी घ्या.

वरून स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट ताणा आणि काठाभोवती सुतळीने बांधा. त्याच्या मधोमध, नेमका वाटीच्या वर, एक खडा ठेवा, म्हणजे कागदाला खाली खोलगट उतार येईल. कागद वाटीला टेकू देऊ नका, बोटभर अंतर राहू द्या. सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर किंवा मैदानात थेट उन्हात ठेवा.

अर्ध्या तासात कागदाच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. मग थेंब तयार होतात, उताराने मध्यावर येतात आणि टप टप वाटीत पडतात. मुलांना दर तासाला फक्त बघायला न्या, हात लावू देऊ नका. दुपारी तीनपर्यंत वाटीत चमचा-दोन चमचे पाणी जमतं. फार नाही, पण चव घ्यायला पुरतं. आधी बोटाने परातीतलं पाणी चाखू द्या, मग वाटीतलं. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गोड नव्हे, ‘गोडं’ पाणी.

वाटीतलं पाणी खारट लागलं तर कारणं दोनच असतात. ओतताना पाणी उडालं किंवा परात उचलताना हिंदकळली. वाटी कोरडीच राहिली तर कागद कडेने सैल आहे आणि बाष्प बाहेर जातंय, किंवा खडा मधोमध नाही आणि थेंब परातीतच परत पडतायत. कागदाखाली बोट फिरवून बघितलं की गळती कुठे आहे ते कळतं.

एक गोष्ट निक्षून सांगते. चव घ्यायची असल्याने भांडी, कागद आणि पाणी सगळं पिण्यायोग्य हवं. खाडीचं खरं पाणी आणू नका. त्यात सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळलेलं असतं, मुलांचे हातही त्यात नकोत.

आता सुरुवातीच्या प्रश्नावर या. पाऊस खारट का नसतो? बहुतेक मुलं न सांगता म्हणतात, “मीठ परातीतच राहिलं!” मिठागरं बघितलेल्या मुलांना हे आणखी लवकर कळतं. उरणकडे, भांडुप-मुलुंडकडे खाडीचं पाणी सपाट वाफ्यांत घेऊन उन्हात आटवत आले, ते याच तत्त्वावर. तिथे मीठ ठेवून पाणी जाऊ देतात. आपण पाणी ठेवलं, एवढाच फरक.

ढग वर का होतो आणि थेंब पडतो कधी

परातीत कागदाने जे काम केलं ते आकाशात गारवा करतो. वर जाऊ तसं गार होत जातं, हे मुलांनी अनुभवलेलं असतं. नेरळला घामाघूम व्हायचं आणि माथेरानला गेलं की बरं वाटायचं. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि साधारण दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं. मुलांना आकडा नको, “वर गार” एवढं पुरे.

ढग म्हणजे बाष्प नव्हे. ढग दिसतो, म्हणजे तो थेंबांचाच आहे, अतिशय बारीक थेंबांचा. ते इतके हलके असतात की वर जाणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. असे सुमारे दहा लाख थेंब मिळून पावसाचा एक थेंब होतो. बर्फाच्या पेल्यावर दोन थेंब मिसळून ओघळायला लागले, ते मुलांनी पाहिलेलं असतं. त्याची आठवण करून द्या. “ढग डोंगराला आपटतो आणि फुटतो” असं मात्र शिकवू नका. ढग पाण्याची पिशवी नाही. जूनमध्ये अरबी समुद्रावरून दमट वारा येतो. सह्याद्री आडवा आला की त्याला वर चढावं लागतं. चढला की गार होतो, बाष्पाचे आणखी थेंब होतात आणि पाऊस पडतो. म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटाच्या बाजूला पाऊस जास्त.

झाडांच्या पानांतूनही बाष्प जातं, हे हवं तर एका फांदीला पारदर्शक पिशवी बांधून दाखवा. दुपारपर्यंत आत थेंब दिसतात. काही पाणी जमिनीत मुरतं, तेही सांगा. पण पहिल्या फेरीत या दोन वाटा घेतल्या तर लहान मुलांचा धागा सुटतो, म्हणून मी त्या चौथीला ठेवते.

सांगायची वाक्यं

पहिली-दुसरीसाठी एका वाक्यात एकच गोष्ट आणि एकच क्रियापद. ‘कारण’, ‘ज्यामुळे’ असे जोड टाळा. मी अशी सांगते :

खाडीत पाणी आहे. ते खारट आहे. ऊन पडतं. पाणी तापतं. थोड्या पाण्याचं बाष्प होतं. बाष्प दिसत नाही. मीठ खालीच राहतं. बाष्प हवेबरोबर वर जातं. वर खूप गार असतं. तिथे बाष्पाचे बारीक थेंब होतात. खूप थेंब म्हणजे ढग. थेंब थेंबाला मिळतो. मोठा होतो. जड होतो. खाली पडतो. तोच पाऊस! पाऊस डोंगरावर पडतो. पाणी नदीत येतं. नदीचं पाणी धरणात साठतं. धरणाचं पाणी नळाला येतं. आपण हात धुतो. ते पाणी पाईपमधून सांडपाणी केंद्रात जातं. तिथे ते स्वच्छ करतात. मग ते खाडीत सोडतात.

प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं आणि हाताची खूण करायची. ‘दिसत नाही’ला डोळे झाकायचे, ‘गार’ला अंग चोरायचं. तिसरी-चौथीला हीच वाक्यं सांगून मग ‘बाष्पीभवन’ आणि ‘सांद्रीभवन’ हे शब्द झाकण आणि पेला दाखवत द्यावेत. प्रयोग आधी, नाव मागून.

धरणाचं नाव आपल्याच भागाचं घ्या. नवी मुंबईच्या बहुतेक भागात मोरबे धरणाचं पाणी येतं. हे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे आणि भोकरपाड्याला पाणी शुद्ध होऊन शहरात येतं. ठाण्याच्या मुलांना भातसा आणि उल्हास नदी सांगा, एमआयडीसीचं पाणी येणाऱ्या वस्तीत बारवी धरण सांगा. घरी विचारून यायला लावलं तर आईवडिलांनाही बघावं लागतं.

दोन भाषांतलं गाणं

आपल्या वर्गात निम्मी मुलं घरी हिंदी बोलणारी असतात. त्यांना मराठी ओळी म्हणता येतात, पण अर्थ घरच्या भाषेत पक्का होतो. म्हणून दोन्ही गाणी त्याच क्रमाने जातात. वर्गाचे दोन गट करा. मराठी गटाने दोन ओळी म्हणायच्या, लगेच हिंदी गटाने आपल्या दोन. दुसऱ्या दिवशी गट बदलायचे.

खाडीवरती ऊन पडे,
पाणी गुपचुप वर उडे.
मीठ मात्र खाली उरे,
बाष्प वाऱ्यासंगे फिरे.
उंचावरती गार हवा,
थेंबथेंबांचा ढग नवा.
सह्याद्रीवर ढग चढतो,
धो धो पाऊस मग पडतो.
नदी, धरण, नळाखाली,
स्वारी पुन्हा खाडीत आली!

आणि हिंदीत :

धूप पड़ी तो पानी भाप,
ऊपर उड़ता अपने आप।
नमक यहीं पर छूट गया,
नाता उससे टूट गया।
ऊपर ठंडक पाई जब,
बना बूँदों का बादल तब।
बूँदें मिलकर हो गईं भारी,
बरसीं, भीगी धरती सारी।
नदी, बाँध, फिर नल का पानी,
खाड़ी लौटा, वही कहानी।

मराठीत ‘ढग अडतो’ असंही सहज बसलं असतं, पण ‘चढतो’ हवं. मुलांच्या मनात धडकून फुटणारा ढग राहायला नको. गाणं पाठ झाल्यावर मुलांना मिठाची ओळ म्हणताना पराती-वाटीचं चित्र काढायला सांगा. गाणं आणि प्रयोग तिथे जुळतात.

समजलंय का, हे कसं ओळखायचं

आता चित्र काढू द्या, पण बाण मुलांना स्वतः ठरवू द्या. मग दोन-तीन प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं पाठ करून देता येत नाहीत. “जुलैत दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले का राहतात?” “बर्फाच्या पेल्यावर ताटली नसती, तर तुम्ही मला काय म्हणाला असतात?” “गॅसवर पाणी न उकळता बाष्प होतं का?” शेवटच्या प्रश्नाला बरीच मुलं “नाही” म्हणतात. त्यांच्यासाठी ओल्या बोटाने फळ्यावर रेघ ओढा आणि ती सावलीत, उकळल्याशिवाय, नाहीशी होताना बघू द्या.

“खाडीतलाच थेंब परत आपल्या नळाला येतो का?” असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्या. तोच थेंब येईल असं नाही. आपल्या पावसाचं पाणी मुख्यतः दूर अरबी समुद्रावरून आणि त्याही पलीकडून येतं. खाडी त्या समुद्राला जोडलेली आहे, म्हणून आपण तिथून गोष्ट सुरू केली. हवेत गेलेलं पाणी सरासरी आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं, पण खोल समुद्रातला थेंब हजारो वर्षंही तिथेच राहू शकतो. असा प्रश्न ज्या मुलाने विचारला, त्याला उरलेलं खारट पाणी आणि काळं झाकण घरी द्या. सुट्टीत सावलीतलं एक झाकण आणि उन्हातलं एक झाकण, कोणतं किती वेळात सुकतं, हे तो घड्याळ लावून बघून येईल.